रात्री उतरणारी बॅटरी

हरभऱ्याला घाटे लागायला लागले की आष्टीच्या शिवारात रानडुकरांचा जोर वाढतो, आणि माझ्या टेबलावर झटका मशीन यायला लागतात. त्यांच्यासोबत येणारी एक तक्रार अशी असते: "भाऊ, दिवसभर बॅटरी एकदम फुल दाखवते आणि रात्री मशीन बंद पडते. नवी बॅटरी बसवली, तरी तेच." दिवसा सोलर पॅनल चार्ज करतं, रात्री मशीन बॅटरी खातं, म्हणजे रात्री बॅटरी उतरली यात कुणालाच नवल वाटत नाही. म्हणून पैसे बॅटरीवर जातात. दोष मात्र बॅटरीत नसतो, बॅटरीचा व्होल्टेज मोजणाऱ्या दोन रेझिस्टरमध्ये असतो.

अशाच एका मशीनला जोडलेला छोटा बोर्ड उघडला तर आत ATmega328P हा मायक्रोकंट्रोलर होता. त्याच्या पिनला 5 व्होल्टपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून बॅटरीचे 12 व्होल्ट वाटून द्यावे लागतात: वर 1 मेगाओहम, खाली 330 किलोओहम, मधल्या सांध्यावरून पिनला तार. बॅटरी 12.6 व्होल्ट असेल तर तिथे 3.13 व्होल्ट मिळायला हवेत. दुसऱ्या पिनवर एलडीआर, उजेड मोजणारा. दिवसा त्याची पिन 5 व्होल्टच्या जवळ, अंधारात शून्याच्या जवळ. प्रोग्राम आधी उजेड वाचायचा, लगेच बॅटरी वाचायचा, आणि बॅटरी 11.9 च्या खाली दिसली की मशीन बंद करायचा.

अशा वेळी मी पहिलं काम करतो ते बॅटरी बाजूला काढण्याचं. तिच्या जागी टेबलावरचा पॉवर सप्लाय 12.6 वर लावला. आता उतरायला बॅटरीच नाही. दिव्याच्या उजेडात बोर्ड 12.9 दाखवत होता. एलडीआरवर बोट ठेवलं आणि आकडा 12.1 वर आला. बोट काढलं की पुन्हा 12.9. सप्लाय जागचा हलला नव्हता. म्हणजे बॅटरीच्या आकड्यात उजेडाचा आकडा मिसळत होता. शेतात रात्री बॅटरीत 12.3 असले तरी बोर्डला 11.8 दिसत होते आणि तो धडधाकट बॅटरीवर मशीन बंद करत होता.

हे मिसळणं कसं होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. या चिपमध्ये व्होल्टेज मोजणारा भाग एकच आहे आणि सगळ्या पिना त्याला आळीपाळीने जोडल्या जातात. मोजण्याआधी पिनवरचा व्होल्टेज आतल्या एका चिमुकल्या कपॅसिटरवर घेतला जातो. डेटाशीट त्याची किंमत 14 पिकोफॅरड देते. नेहमीच्या 125 किलोहर्ट्झच्या क्लॉकवर तो भरायला दीड ठोका, म्हणजे 12 मायक्रोसेकंद मिळतात. मग पिन सुटते आणि कपॅसिटरवर जे असेल तेच मोजलं जातं. भरण्याआधी त्यावर मागच्या पिनचा व्होल्टेज उरलेला असतो.

तो किती चटकन भरेल हे ठरवतो समोरच्या सर्किटचा रोध. डिव्हायडरचे दोन रेझिस्टर पिनकडून पाहिले तर समांतर दिसतात, त्यामुळे 1 मेगाओहम आणि 330 किलोओहम मिळून 248 किलोओहम. 248 किलोओहम गुणिले 14 पिकोफॅरड म्हणजे साडेतीन मायक्रोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट. 12 मायक्रोसेकंदांत असे जेमतेम साडेतीन टप्पे होतात आणि सुरुवातीच्या फरकातला 3 टक्के फरक तसाच राहतो. दहा बिटांची अचूकता हवी असेल तर साडेसात टप्पे लागतात. आधीची पिन शून्यावर असेल तर 3.13 च्या जागी 3.03 मोजले जातात, बॅटरीच्या हिशेबात 0.4 व्होल्ट कमी. आधीची पिन 5 वर असेल तर पाव व्होल्ट जास्त. पिन आणि बोर्डावरचे पट्टे यांची स्वतःची थोडी कपॅसिटन्स असते, ती धरली की चूक कागदावरच्यापेक्षा वाढते. शिसे-आम्लाच्या बॅटरीत भरलेली आणि जवळजवळ रिकामी यांत पाऊण व्होल्टाचाच फरक असतो, तेव्हा ही चूक किरकोळ नाही. डेटाशीटमध्येही लिहिलंय की सोर्सचा रोध 10 किलोओहम किंवा त्याहून कमी ठेवा. इथे तो पंचवीस पट होता.

यात मल्टीमीटरही फसवतो. बहुतेक मीटरचा स्वतःचा रोध 10 मेगाओहम असतो. तो मधल्या सांध्यावर लावला की तिथला व्होल्टेज अडीच टक्के खाली येतो, आणि मीटर 3.05 दाखवतो. मग माणूस रेझिस्टरच बदलत बसतो. मीटर लावल्याबरोबर बोर्डचा आकडाही हलला, तर सोर्सचा रोध जास्त आहे हे तिथेच समजावं. रेझिस्टरच्या टॉलरन्सची चूक वेगळी असते: ती नेहमी त्याच प्रमाणात येते, एका गुणकाने जाते. शेजारच्या पिनप्रमाणे बदलणारी चूक गुणकाने जात नाही.

प्रोग्राममधला सोपा उपाय म्हणजे तीच पिन दोनदा वाचून पहिलं वाचन सोडून देणं:

```
analogRead(A0);
int v = analogRead(A0);
```

पहिल्या वाचनात कपॅसिटर बराचसा भरतो, दुसऱ्यात उरलेला. चूक खूप कमी होते, पण सर्किट आहे तसंच राहतं.

खरा उपाय पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर. ठिबकच्या ड्रिपरखाली पेला धरण्याऐवजी तिथे आधीच भरलेला हौद ठेवावा, तसं हे आहे: पेला हौदातून लगेच भरतो आणि ड्रिपर हौदाची भर सावकाश करत राहतो. 14 पिकोच्या मानाने 100 नॅनो सात हजार पट मोठा, त्यामुळे एका वाचनाने अर्धा मिलिव्होल्टही हलत नाही, आणि बोर्डचं सर्वांत लहान माप जवळजवळ 5 मिलिव्होल्टचं आहे.

मात्र इथेच बरेच जण थांबतात, आणि थांबू नये असं मला कळकळीने वाटतं. आकडा स्थिर यावा म्हणून प्रोग्राम न थांबता उजेड, बॅटरी, उजेड, बॅटरी असं वाचत राहिला, तर सेकंदाला सुमारे साडेचार हजार पेले त्याच हौदातून निघतात. सरासरीने पाहिलं तर पिनला 16 मेगाओहमचा रेझिस्टर लावल्यासारखंच होतं. अंधारात दीड टक्का घट, म्हणजे बॅटरीवर 0.2 व्होल्ट. सरासरी जेवढी जास्त वाचनांची, तेवढी ती चुकीच्याच आकड्यावर ठाम. सेकंदातून एकदा वाचलं की हे नाहीसं होतं.

पिनमधून होणारी गळती मात्र कोणत्याच कपॅसिटरने थांबत नाही. डेटाशीट तिची कमाल मर्यादा 1 मायक्रोअँपिअर देते. प्रत्यक्षात ती पुष्कळ कमी असते, पण उन्हाने वाढते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात बोर्ड चांगलाच तापतो. पूर्ण 1 मायक्रोअँपिअर धरली तर 248 किलोओहमवर पाव व्होल्ट, बॅटरीच्या आकड्यात एक व्होल्ट. रोध कमी करणं हाच यावरचा इलाज.

म्हणून मी त्या बोर्डवर 33 आणि 10 किलोओहम बसवले, प्रोग्राममधला गुणक त्याप्रमाणे बदलला, आणि 100 नॅनोही ठेवला. पिनकडून दिसणारा रोध आता पावणेआठ किलोओहम. मेगाओहमचे रेझिस्टर ज्याने लावले त्याला करंट वाचवायचा होता, हे मला समजतं. पण नव्या जोडीचा करंट 0.3 मिलिअँपिअर, महिन्याला 0.21 अँपिअर-तास, म्हणजे 7 अँपिअर-तासांच्या बॅटरीच्या 3 टक्के. झटका मशीन स्वतः याच्या कितीतरी पट खाते. घड्याळाच्या सेलवर वर्षभर चालणारं यंत्र असतं तर मी डिव्हायडरच्या वर मॉस्फेट लावला असता, वाचायच्या वेळी तेवढा चालू केला असता, आणि कपॅसिटर भरायला दहा मिलिसेकंद थांबून मग वाचलं असतं. इथे पॅनल आहे, त्याची गरज पडली नाही.