वीट किती भिजवावी?

भाजलेली वीट हाताला घट्ट लागते, पण आतून ती सच्छिद्र असते. भट्टीत मातीतले पाणी उडून जाते, मिसळलेला तूस किंवा भुसा जळून जातो आणि मागे बारीक पोकळ्यांचे जाळे उरते. या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे वीट पाण्याला टेकली की केशाकर्षणाने पाणी वर ओढते. आय.एस. १०७७ या भारतीय मानकानुसार नेहमीच्या वापरातल्या विटेने २४ तास बुडून राहिल्यावर आपल्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. याचा अर्थ तीन किलोची वीट अर्ध्या लिटरहून अधिक पाणी प्यायली तरी ती नापास होत नाही. बांधकामाआधी विटा भिजवायच्या त्या या तहानेमुळे.

ही तहान मालाला किती महाग पडते, ते एका सांध्याच्या हिशेबातून दिसते. नऊ इंची विटेची बैठक सुमारे २३० बाय ११० मिलिमीटर असते. तिच्याखाली १० मिलिमीटरचा सांधा धरला तर पाव लिटर माल लागतो आणि त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरते. एकास सहा प्रमाणाच्या अशा मालात सिमेंट साधारण ५५ ते ६० ग्रॅम आणि पाणी ८० ग्रॅमच्या जवळपास असते. सिमेंट पूर्ण पक्के व्हायला त्याच्या वजनाच्या सुमारे ४० टक्के पाणी पुरते, म्हणजे २५ ग्रॅमच्या आत-बाहेर. उरलेले पाणी माल थापीवर मऊ राहावा आणि नीट पसरावा यासाठी घातलेले असते. एकीकडे सांध्यात एवढे ८० ग्रॅम पाणी आणि दुसरीकडे चारपाचशे ग्रॅम पाणी मावेल अशी कोरडी वीट, तीही सांध्याच्या वर एक आणि खाली एक.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. वीट थोडे पाणी ओढते हा दोष नाही, बांधकामाला ते हवेच असते. जास्तीचे पाणी विटेत गेले की माल आवळतो आणि वरच्या थराचा भार घेऊ लागतो. त्या पाण्याबरोबर सिमेंटचे विरघळलेले घटक विटेच्या पोकळ्यांत शिरतात आणि तिथेच त्यांचे स्फटिक धरतात. विटेचा आणि मालाचा जोड मुख्यतः या शिरकावामुळे टिकतो, कारण चिकटण्यापेक्षा तो एकमेकांत अडकण्याचा प्रकार आहे. ओढ मुळीच नसेल तर हा शिरकाव होत नाही, आणि ओढ अनावर असेल तर माल उपाशी राहतो. भिजवण्याचा उद्देश ही ओढ मारून टाकण्याचा नसून तिला आवर घालण्याचा आहे.

कोरड्या विटेवर माल पसरला की विटेला चिकटलेला थर आधी सुकतो. वरची वीट ठेवेपर्यंत मालाचा पृष्ठभाग ताठर झालेला असतो, त्यामुळे ती वीट पूर्ण बसत नाही आणि काही ठिकाणीच टेकते. ओळंब्यात आणण्यासाठी गवंडी तिला ठोकतो, तेव्हा नुकता धरू लागलेला जोडही सुटतो. सुटलेला जोड पुन्हा धरत नाही, कारण तिथले पाणी विटेने आधीच प्यायलेले असते. पुढे त्या थरातले सिमेंट अर्धेकच्चे राहते आणि सांध्यातला माल नखाने खरवडला तर भुकटी होऊन पडतो. यावर उपाय म्हणून घमेल्यातला माल पातळ करण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. पण पाणी वाढवल्याने माल आणखी कमजोर होतो आणि सुकताना जास्त आकसतो, तर विटेची भूक तशीच राहते.

पाण्याने तुडुंब भरलेल्या आणि अंगावरून पाणी निथळणाऱ्या विटेची गोष्ट याच्या उलट. तिच्या पोकळ्यांत जागाच नसल्याने मालाचे पाणी कुठे जात नाही. वीट आणि माल यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा तयार होतो. त्या पापुद्र्यातला सिमेंटचा अंश पातळ असतो आणि पाणी आटल्यावर तिथे फट किंवा ठिसूळ थर उरतो. काम चालू असतानाच हे कळते. वीट मालावर घसरते, दाबली की सांध्यातून माल बाहेर येतो, भिंतीवर ओघळ उतरतात आणि चारपाच थरांनंतर खालचे सांधे दबून दोरीचा मेळ जातो. अशी भिंत सुकताना विटेच्या आतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात आणि पांढरा लोणा दिसू लागतो.

वीट आत खोलवर ओली आणि अंगाने कोरडी असेल तेव्हा जोड चांगला धरतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांतला नियम हाच आहे. पाणी विटेच्या पूर्ण जाडीत जेमतेम पोहोचेल इतका वेळ वीट भिजवावी, आणि लावतेवेळी तिचा पृष्ठभाग कोरडा होईल इतकी आधी ती हौदातून काढावी. अशा विटेतल्या बऱ्याच पोकळ्या भरलेल्या असतात, त्यामुळे मालाचे पाणी एकदम ओढले जात नाही. उरलेल्या पोकळ्यांत मात्र अजून थोडी जागा असते आणि अंगाजवळचे पाणी सुकल्यामुळे तिथे ओढ शिल्लक राहते. शिरकावाला तेवढी पुरते.

रचलेल्या विटांवर काम सुरू करण्यापूर्वी पाइपाने दोन मिनिटे पाणी मारणे, किंवा थर लावता लावता तांब्याने शिंपडणे, यातून नेमकी उलटी स्थिती तयार होते. वीट बाहेरून ओली आणि आतून कोरडी राहते. सुरुवातीला पृष्ठभागावरचे पाणी जोडाच्या आड येते आणि नंतर आतली कोरडी माती मालाचे पाणी ओढून घेते. हौद नसेल तर रचलेल्या विटांवर थोड्या थोड्या वेळाने भरपूर पाणी मारता येते, पण विनिर्देशांनुसार ते किमान सहा तास चालू ठेवावे लागते.

भिजवण्याचा वेळ पुस्तकातून ठरवता येत नाही, कारण तो भाजणीवर अवलंबून असतो. महाराष्ट्रात बऱ्याच विटा रचून पेटवलेल्या उघड्या भट्ट्यांतून येतात. तिथे कडेच्या विटा कमी भाजतात आणि खूप पाणी पितात, तर जाळाजवळच्या काळपट, कणखर विटांना पाणी फारसे लागत नाही. म्हणून चाचणी साइटवरच करावी आणि प्रत्येक खेपेची वेगळी करावी. एका वेळी काही विटा हौदात सोडायच्या, ठराविक अंतराने एकेक काढून मधोमध फोडायची आणि तुटलेला भाग पाहायचा. ओला भाग गडद लाल दिसतो आणि कोरडा गाभा फिकट राहतो, त्यामुळे दोघांतली सीमा डोळ्यांना स्पष्ट कळते.

समजा, अशा एका खेपेतली कोरडी वीट ३ किलो भरली आणि २४ तास बुडवून ठेवल्यावर ३ किलो ४८० ग्रॅम झाली. तिचे शोषण १६ टक्के, म्हणजे मानकाच्या मर्यादेत आहे. याच खेपेतली पंधरा मिनिटांनी फोडलेली वीट कडेने दोन सेंटिमीटर गडद आहे आणि मधला भाग फिकट आहे. अर्ध्या तासाच्या विटेत अंगठ्याएवढा फिकट ठिपका उरला आहे. तासाभराच्या विटेत फिकट काही नाही आणि तिचे वजन ३ किलो ३९० ग्रॅम आहे. तेव्हा या खेपेला एक तास पुरेसा आहे. आणखी २३ तासांत फक्त ९० ग्रॅम पाणी वाढणार आहे, आणि वाढणारे ते पाणी कामाची ओढ संपवणारे आहे. बाहेर काढून सावलीत अर्धा तास ठेवल्यावर वीट ३ किलो ३६० ग्रॅम झाली, तर तिच्या क्षमतेपैकी तीन चतुर्थांश पाणी आत आहे. लावायला ती तयार आहे. तराजू नसला तरी हातालाही हे कळते. पृष्ठभागाची चकाकी गेलेली असते, तळवा टेकवला तर गार लागतो पण ओला होत नाही. बुडवल्यावर उठणारे बुडबुडे थांबणे हीसुद्धा एक खूण आहे, पण ती ढोबळ आहे आणि वीट फोडून पाहण्याची जागा घेऊ शकत नाही.

मुळात भिजवायची गरज आहे का, हे पाहण्यासाठी अमेरिकेतले गवंडी एक सोपी चाचणी वापरतात. विटेच्या बैठकीवर नाण्याभोवती पेन्सिल फिरवून सुमारे इंचभर व्यासाचे वर्तुळ काढायचे आणि त्यात ड्रॉपरने पाण्याचे २० थेंब सोडायचे. दीड मिनिटाच्या आत सगळे पाणी मुरले तर वीट भिजवायला हवी. त्याहून जास्त वेळ लागला तर तशीच वापरता येते.

ऋतू आणि मालाप्रमाणेही फरक करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत काढलेली वीट उन्हात लवकर आतपर्यंत सुकू लागते, म्हणून ती सावलीत रचावी आणि लागेल तेवढीच हौदातून काढावी. पावसाळ्यात उघड्यावर रचलेल्या विटा आधीच तुडुंब असतात. त्यांना हौदाची नव्हे, ताडपत्रीची गरज असते. मातीच्या मालात वीट भिजवूच नये, कारण तो माल सुकूनच घट्ट होतो आणि ओल्या विटेमुळे त्याचा चिखल राहतो. हौदातले पाणी पिण्याइतके स्वच्छ असावे. ते वारंवार बदलले तर विटेतले क्षार धुऊन जातात आणि लोण्याचे प्रमाण कमी होते.

जोड धरला की नाही, हे काम चालू असतानाच तपासता येते. दहाएक मिनिटांपूर्वी लावलेली एखादी वीट उचलून पाहावी. माल दोन्ही विटांना सर्वत्र लागून फाटला असेल तर भिजवण्याचे प्रमाण बरोबर आहे. वरची वीट स्वच्छ सुटली आणि खाली ताठर माल राहिला तर ती कोरडी होती. माल ओला, चकाकणारा निघाला आणि वीट सहज घसरली तर ती फार ओली होती. उचललेली वीट जुन्या मालावर परत ठेवू नये. माल खरवडून ताजा घालावा.

ही तपासणी वेळेवर करावी लागते, कारण चूक नंतर सहज दिसत नाही. वरून येणारा भार सांधा दाबतो, त्यामुळे जोड कच्चा असला तरी भिंत उभी राहते. कमतरता उघड होते ती आडव्या जोरापुढे आणि पावसापुढे. गच्चीचा कठडा सांध्यावर तडकतो, पावसाच्या तोंडच्या भिंतीत विटेच्या कडेने केसासारखी फट पडते आणि गिलावा चांगला असूनही आत ओल उतरते. तेव्हा वरून कितीही पाणी मारले तरी सुटलेला जोड धरत नाही. म्हणून विटांचा नवा ट्रक उतरला की चार विटा बाजूला काढाव्यात, भिजवून फोडून पाहाव्यात आणि मगच त्या खेपेच्या हौदाची वेळ ठरवावी.