तातडीचं काम म्हणजे नेमकं काय?

गेल्या पावसाळ्यात मी काही आठवडे स्पितीच्या खोऱ्यात होतो. तिथल्या जुन्या शाळांच्या इमारतींची पाहणी करायची होती. दोन गावांमधल्या रस्त्यावर मोबाइलला रेंज मिळेल याची खात्री नव्हती. मी स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे आणि त्या वेळी पुण्याजवळच्या काही साइट्सवर स्लॅबची कामं जोरात होती. त्यामुळे निघण्यापूर्वी ईमेलला आपोआप जाणारं उत्तर लिहायला मी एक अख्खी संध्याकाळ दिली.

‘तातडीचं असेल तर अमुक व्यक्तीशी संपर्क साधा’ एवढ्या वाक्यावर आमच्या कामात भागत नाही. ठेकेदाराला बिलावरची सहीसुद्धा तातडीची वाटते, आणि बीमला गेलेली भेग तो कधीकधी ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देतो. म्हणून तातडीचं काय ते मीच ठरवलं: स्लॅब भरण्यापूर्वी सळई तपासणं, टेकू काढणं, पायाच्या खड्ड्यात अहवालापेक्षा वेगळी माती लागणं आणि कुठेही नवी भेग दिसणं. बाकी सगळं मी परत येईपर्यंत थांबू शकतं.

मजकूर असा होता:

‘मी 10 ऑगस्टपर्यंत प्रवासात आहे, ईमेल रोज पाहू शकणार नाही. सळई तपासणी, टेकू काढणे, पायातील वेगळी माती किंवा नवी भेग यासाठी माझ्या सहकारी अभियंत्यांना फोन करा, ईमेल नको. नकाशे आणि हिशेब त्यांच्याकडे आहेत. त्यांचा लेखी होकार मिळेपर्यंत ते काम थांबवा. डिझाइनमधला बदल मी आल्यावरच होईल. बिलं आणि नवी कामं 11 ऑगस्टनंतर पाहीन.’ खाली सहकारी बाईंचं नाव आणि मोबाइल नंबर.

मी कुठे आहे हे त्यात मुद्दाम लिहिलं नाही. हे उत्तर अनोळखी माणसालाही जातं. जीमेलमध्ये ते फक्त ओळखीच्या पत्त्यांपुरतं ठेवता येतं, पण साइट इंजिनिअर वरचेवर बदलतात आणि नव्याचा पत्ता माझ्या यादीत नसतो. म्हणून ती सोय मी वापरली नाही.

जीमेलची आणखी एक सवय माहीत असावी लागते. एकाच माणसाला हे उत्तर दर ईमेलला जात नाही. चार दिवसांनी त्याचं पुन्हा ईमेल आलं तरच दुसऱ्यांदा जातं. सोमवारी बिलाबद्दल लिहिणाऱ्याने बुधवारी भेगेबद्दल लिहिलं, तर बुधवारी त्याला काहीच मिळणार नाही. म्हणून पहिल्याच उत्तरात सगळं यायला हवं, आणि तातडीच्या कामासाठी फोनच करायला सांगायला हवं.

याची परीक्षा लवकरच झाली. एका साइटच्या इंजिनिअरने लिहिलं, की स्लॅब भरून पंधरा दिवस झाले, वरच्या मजल्याला सामान हवंय, सगळे टेकू काढू का? आपोआप गेलेलं उत्तर वाचून त्याने लगेच बाईंना फोन लावला. त्यांनी माझा नकाशा उघडला. स्लॅबचे गाळे चार मीटरच्या आतले होते, पण मधला बीम साडेसहा मीटरचा. आयएस 456 प्रमाणे साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवसांनी काढता येतात. सहा मीटरहून लांब बीमखालचे मात्र एकवीस दिवस ठेवावे लागतात. त्यात साइटवर पीपीसी सिमेंट होतं. त्याची ताकद सुरुवातीला सावकाश वाढते, त्यामुळे मुदत आणखी वाढवायला हवी.

त्यांनी त्याला लेखी कळवलं: बीमखालचा एकही टेकू हलवायचा नाही. स्लॅबखालच्या प्लेट्स क्यूबचे निकाल पाहून काढा. वरचा स्लॅब भरताना त्याचा भार खालच्या स्लॅबवर येणार, म्हणून तिथे पुन्हा टेकू लावा. वरच्या मजल्याला सामान कमी पडलं तर भाड्याने आणा.

हा निर्णय त्या घेऊ शकल्या, कारण निघण्यापूर्वी आम्ही दोघांनी बसून प्रत्येक साइटचे नकाशे, लांब बीम, गॅलऱ्या आणि सिमेंटचा प्रकार पाहिला होता. काय ठरवायचा अधिकार त्यांना आहे आणि काय नाही, हे प्रत्येक मालकाला वेगळ्या पत्राने कळवलं होतं. परवानगीच्या कागदांवर सही माझी आहे, म्हणून बीमचा आकार किंवा सळई बदलणं त्यांच्या अधिकारात ठेवलं नव्हतं. या तयारीशिवाय त्यांचा नंबर दिला असता, तर फोन उचलून ‘सर आल्यावर विचारते’ एवढंच त्या सांगू शकल्या असत्या.

आता दर प्रवासाआधी हा मजकूर मी त्या त्या वेळच्या कामांप्रमाणे नव्याने लिहितो. पायाचं काम चालू असेल तर मातीचा उल्लेख आधी येतो, स्लॅब चालू असतील तर टेकूंचा. ‘लेखी होकार मिळेपर्यंत काम थांबवा’ हे वाक्य मात्र प्रत्येक वेळी असतं. बाईंचा फोन लागला नाही, तरी साइटवरच्या माणसाला पुढे काय करायचं ते त्यातून कळतं.