मिलिमीटरची उधारी

मेहुण्याला व्हिजिटिंग कार्ड गर्द निळं हवं होतं, कडेला बारीक सोनेरी चौकट. आमचा पनवेलचा छापखानेवाला म्हणाला, "कार्ड ९० बाय ५४ मिलिमीटरचं, पण निळा रंग ९६ बाय ६० पर्यंत पसरवून आणा. जास्तीचं ते ब्लीड." मेहुण्याला वाटलं, शाईचे पैसे लावतोय!

त्याचं असं, की पात्याखाली कार्डांची थप्पी मिलिमीटरभर सरकतेच. (आमच्या बँकेत पैशाच्या फरकासाठी रात्र होते, इथे मिलिमीटर माफ!) रंग कडेलाच थांबवला, तर पांढरी रेघ डोकावते. चौकट कडेपासून २ मिलिमीटरवर घेतली, तर एकीकडे १ उरतो, समोर ३, नि कार्ड तिरळं दिसतं. शेवटी चौकट रद्द झाली, फोन नंबर ४ मिलिमीटर आत सरकला. मेहुणा मात्र कापलेल्या निळ्या पट्ट्या मागून घेऊन आला.