साडेचार माणसांचा आकृतिबंध

आस्थापना शाखेत रुजू झाल्यावर माझ्या टेबलावर पहिला विषय आला तो सुधारित आकृतिबंधाचा. म्हणजे आपल्या कार्यालयात कोणत्या संवर्गाची किती पदे असावीत, याचा प्रस्ताव. सोबतच्या तक्त्यात ‘मंजूर’, ‘भरलेली’, ‘रिक्त’ आणि ‘आवश्यक’ असे चार रकाने होते. पहिले तीन आस्थापनेच्या नोंदींवरून भरता आले. चौथा कशावरून भरायचा हे कोणालाच ठाऊक नव्हते. मागच्या प्रस्तावाच्या स्थळप्रतीत ‘कामाचा वाढता व्याप पाहता’ एवढेच कारण लिहिले होते आणि तो प्रस्ताव शेरा मारून परत आला होता.

मला आधी समजली नाही ती पद नावाची गोष्टच. माझी समजूत अशी की माणूस निवृत्त झाला की त्याच्या जागी दुसरा येतो. प्रत्यक्षात पद हे माणसापासून वेगळे असते. त्याला शासन निर्णय असतो, वेतनश्रेणी असते, आणि पद अस्थायी असेल तर ठरावीक काळाने मुदतवाढ घ्यावी लागते. ती वेळेत मिळाली नाही तर खुर्चीत माणूस बसलेला असूनही पगाराचे देयक अडते. उलट माणूस नसला तरी पद कागदावर जिवंतच असते. आमच्या तक्त्यात रोनिओ ऑपरेटरचे एक पद होते. यंत्र कधीच भंगारात गेले होते आणि त्या पदावरचे काका झेरॉक्स, टपाल आणि सभागृहाच्या चाव्या सांभाळत होते.

कामाचे विश्लेषण सुरू झाले ते या काकांपासूनच. अधीक्षक मॅडमनी कपाटातून कर्तव्यसूची काढून दिली आणि म्हणाल्या, “हिच्यात काय लिहिलंय ते विसर. कोण काय करतंय ते बघ आधी.” सूचीत लिपिक-टंकलेखकाच्या नावापुढे टंकलेखन, नोंदवह्या, नस्ती सांभाळणे अशी कामे होती. प्रत्यक्षात टंकलेखन म्हणून वेगळे काम उरलेच नव्हते. जो टिपणी तयार करतो तोच ती टंकतो. संगणकावर माहिती भरण्याचे काम मात्र कोणाच्याच सूचीत नव्हते आणि दिवसाचा मोठा वेळ तेच खात होते.

मग मोजणी. केंद्र सरकारने यासाठी वित्त मंत्रालयात 1964 सालीच कर्मचारी निरीक्षण एकक उभे केले. कामाचे मापदंड ठरवून कार्यालयांना खरोखर किती माणसे लागतात ते तपासणे हे त्याचे काम. आमच्याकडे मोजणारे आम्हीच. दाखल्यांच्या अर्जांची छाननी करणारी शाखा घेतली आणि सर्वांना रोजची कामे वेळेसह लिहायला सांगितले. दैनंदिन्या गोळा झाल्या तेव्हा प्रत्येकाचे आठ तास काठोकाठ भरलेले. जावक नोंदवहीशी ताडून पाहिले तर त्या हिशेबाने जितकी प्रकरणे निकाली निघायला हवीत, तितकी निघालीच नव्हती. लबाडी म्हणावी अशी ती नव्हती. माणसे मोजली जात आहेत असे कळले की कोणीही वेळ जरा सैल हातानेच लिहितो. शेवटी मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. अर्ज उघडणे, जोडपत्रे तपासणे, जुन्या अभिलेखाशी मेळ घालणे, टिपणी लिहिणे हे सारे धरून एका अर्जाला सरासरी 40 मिनिटे लागत होती.

अर्ज किती, हा प्रश्नही दिसतो तेवढा सरळ नाही. आवक क्रमांक मोजले तर आकडा फुगतो, कारण त्रुटी पूर्ण करून आलेल्या त्याच अर्जाला नवा क्रमांक पडतो. ते वेगळे काढावे लागले. आकडे सोपे करून सांगतो. वर्षाला 9,000 अर्ज, प्रत्येकी 40 मिनिटे, म्हणजे 6,000 तास. त्यांतले 2,250 त्रुटीमुळे पुन्हा येतात आणि दुसऱ्या फेरीला 24 मिनिटे लागतात, म्हणजे आणखी 900. एकूण 6,900 तासांचे काम.

आता एक माणूस वर्षाला किती तास देतो? पाच दिवसांच्या आठवड्यात शनिवार-रविवार वजा जाता 261 दिवस उरतात. सुट्ट्या आणि घेतली जाणारी रजा काढली की साधारण 220. जेवणाचा अर्धा तास सोडून आठ तास, पण चहा, अभ्यागत, फोन, साहेबांनी बोलावणे हे धरून कामाचे सात. 220 गुणिले 7, म्हणजे 1,540. याने 6,900 ला भागले की येतात साडेचार माणसे.

मी आकडा पाहतच राहिलो. मंजूर लिपिक सहा, हजर तीन, आणि शाखेची मागणी आठची. प्रस्ताव जसाच्या तसा गेला असता तर वाढ राहिली बाजूला, आहे त्यातलेच एक पद आम्ही आपल्या हाताने गमावले असते. शाखेतले लोक चिडले. “जूनमध्ये येऊन बघा, मग साडेचार म्हणा!”

तेव्हा महिनावार आवक काढली. निम्मे अर्ज जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत, प्रवेशांच्या हंगामात येतात. म्हणजे 3,450 तास तिमाहीत, आणि एका माणसाची तिमाही 385 तासांची. भागाकार नऊच्या आसपास. उरलेल्या नऊ महिन्यांचा हिशेब केला तर तीन माणसे जेमतेम पुरतात. आठची मागणी हवेतून आलेली नव्हती, ती पावसाळ्यातून आली होती. साडेचार ही सरासरी, आणि ती वर्षातल्या कुठल्याच महिन्यात खरी नव्हती.

पण नियमित पद वर्षातल्या तीन महिन्यांपुरते मंजूर होत नाही. एक लिपिक एस-6 श्रेणीत, 19,900 मूळ वेतनावर घेतला की भत्ते, वेतनवाढी आणि निवृत्तीपर्यंतची जबाबदारी आली. वित्त विभाग प्रस्ताव वाचतो तो इथून. त्यामुळे आम्ही पाच नियमित पदे मागितली आणि हंगामात इतर शाखांतून माणसे संलग्न करण्याची व्यवस्था महिनावार तक्त्यासह मांडली. माहिती भरण्याचे काम बाह्यस्रोताने घेण्याचे सुचवले. सहावे लिपिकाचे पद आपणहून निरसित करायला दिले. माझ्या मते हेच वाक्य प्रस्तावातले सर्वांत वजनदार ठरले. रोनिओ ऑपरेटरचे पद मृत संवर्गात टाकले, म्हणजे काका निवृत्त होईपर्यंत ते राहील आणि त्यांच्याबरोबर संपेल.

पुढचा प्रवास लांबचा. संचालनालय, मंत्रालयातला प्रशासकीय विभाग, वित्त विभाग आणि मग मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची उच्चस्तरीय सचिव समिती. वाटेत एक प्रश्न हमखास येतो: मंजूर सहापैकी तीन रिक्त आहेत, ती आधी का भरली नाहीत? मलाही तो योग्यच वाटतो. मंजुरी कमी असणे आणि भरती न होणे ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि आम्ही दोन्हींवर आकृतिबंधाचेच औषध मागत होतो.

पाच पदांचा शासन निर्णय निघाला. त्या दिवशीही शाखेत बसले होते ते तिघेच. उरलेल्या दोन पदांसाठी आता बिंदुनामावली तपासून घ्यायची आहे, त्यानंतर मागणीपत्र जाईल. तिची नस्ती मॅडमनी माझ्याच टेबलावर ठेवली आहे.