हातात धरलेली यादी

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोपाचे भाषण करताना सचिन तेंडुलकर यांच्या हातात एक कागद होता. कोणाचे नाव राहून जाऊ नये म्हणून ते यादी घेऊन उभे होते. आई-वडील, भाऊ, पत्नी, गुरू यांच्याबरोबर त्या यादीत मित्र होते, तसेच डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि ट्रेनरही होते. हे दुखरे शरीर पुन्हा मैदानावर उभे राहिले ते या मंडळींमुळे, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. दुखापतीच्या दिवसांत झोप लागत नसे, कारकीर्द संपली असे वाटे. तेव्हा मित्र पहाटे तीन वाजता उठून त्यांच्याबरोबर गाडीतून फिरत, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

ही कृतज्ञता समजण्यासाठी २००४ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी त्यांना टेनिस एल्बो झाला. नाव टेनिसचे असले तरी हा आजार दिवसभर शटर ओढणाऱ्या, मालाची खोकी उचलणाऱ्या दुकानदारालाही गाठतो. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरील हाडाच्या टोकाला एका चिवट दोरीने, म्हणजे स्नायुबंधाने, जोडलेले असतात. वारंवार ताण पडला की त्या दोरीचे धागे झिजतात. ओळखण्याची खूण साधी आहे. तळवा खाली ठेवून भरलेली पिशवी उचलताना किंवा ओला कपडा पिळताना कोपराच्या बाहेरच्या बाजूस कळ येते. जड बॅट वापरणाऱ्या फलंदाजाच्या बाबतीत ही कळ प्रत्येक फटक्यागणिक येणार, हे ओघानेच आले.

मे २००५ मध्ये लंडनला त्यांच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर चार महिन्यांहून अधिक काळ त्यांना नेहमीची बॅट उचलता आली नाही. लहान मुलांबरोबर खेळताना त्यांनी जोर लावून मारलेला चेंडूही ती मुले जवळच अडवीत. ज्या हातांनी जगातील वेगवान गोलंदाजांना सीमापार धाडले, त्याच हातांची ही अवस्था होती.

अशा वेळी फिजिओथेरपिस्टचे खरे काम असते ते भाराचा हिशेब ठेवण्याचे. स्नायुबंधाला रक्तपुरवठा कमी असल्याने तो संथपणे भरून येतो. त्याला पूर्ण विश्रांती दिली तर तो दुबळाच राहतो आणि घाईने भार टाकला तर पुन्हा दुखावतो. म्हणून भार पायरी-पायरीने वाढवावा लागतो. या आजारातील नेहमीचा व्यायाम असा : हाताचा पुढचा भाग टेबलावर ठेवायचा, तळवा खाली, मनगट कडेबाहेर आणि मुठीत अर्ध्या किलोचे वजन. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्यायचे आणि मग चार-पाच सेकंद घेत एकट्या दुखऱ्या हाताने हळूहळू खाली आणायचे. असे दहा-पंधरा वेळा. व्यायाम करताना थोडे दुखले तरी चालते. खरा निवाडा दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. कळ आदल्या दिवसाइतकीच असेल तर भार योग्य होता, वाढली असेल तर एक पायरी खाली उतरायचे. वजन वाढते ते काही आठवड्यांनी, तेही थोडेसेच.

यात बहुतेकांची चूक एकच होते. दुखणे थांबले म्हणजे हात बरा झाला, असे समजून ते जुन्या ताकदीने खेळू लागतात. वास्तविक वेदना आधी जाते, बळ पुष्कळ मागाहून येते. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम वाटतो, पण त्या भरवशावर हात वापरला तर दुखणे बहुधा परतून येते. हे अंतर ओळखून 'आज नको' असे सांगणारा माणूस रुग्णाला कधी कधी शत्रूसारखा वाटतो. तरीही तो सांगत राहतो.

मित्रांचे काम याहून वेगळे. वजन किती उचलावे हे त्यांना ठाऊक नसते. मात्र पहाटे तीनला उठून गाडीत शेजारी बसणे त्यांना जमते. सचिन यांनी म्हटल्याप्रमाणे, विनंती केली की हातातले काम बाजूला ठेवून नेटमध्ये चेंडू टाकायलाही ते येत.

२५ ऑक्टोबर २००५ रोजी नागपूरला श्रीलंकेविरुद्ध सचिन पुन्हा भारताकडून उतरले आणि त्यांनी ९३ धावा केल्या. १० डिसेंबरला दिल्लीत त्याच संघाविरुद्ध त्यांनी ३५ वे कसोटी शतक झळकावून सुनील गावसकर यांचा विक्रम मागे टाकला. त्या धावा सचिन यांच्या नावावर जमा आहेत. अर्ध्या किलोचे वजन मोजणारे आणि पहाटे गाडीची किल्ली उचलणारे कोणत्याही धावफलकावर नव्हते. आठ वर्षांनी त्यांची नोंद झाली, ती वानखेडेवरील त्या कागदावर.