मुलांच्या पानावरचा बोगदा

आम्ही दोघी बहिणी मिळून एका लहानशा दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मुलांचे पान लिहितो. त्या पानाच्या एका कोपऱ्यात त्या आठवड्यातली एक बातमी समजावून सांगायची असते. जागा बेताची, दोनशे शब्दांच्या आतबाहेर. पान शुक्रवारी दुपारी चार वाजता छपाईला जाते आणि मुलांच्या हाती रविवारी सकाळी पडते. मधले दीड दिवस बातमी आमच्या हातात नसते. ही गोष्ट किती महत्त्वाची आहे, ते आम्हाला नोव्हेंबर २०२३ मध्ये नीट कळले.

१२ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पहाटे, उत्तराखंडमधल्या सिल्क्यारा येथे रस्त्यासाठी खणला जात असलेला बोगदा कोसळला आणि ४१ कामगार आत अडकले. दुसरा आठवडा उलटत आला तरी ते आतच होते. आमच्या शेजारी दहा वर्षांचा एक मुलगा राहतो. त्याचे अब्बा घाटातल्या एका बोगद्याच्या कामावर सळ्या बांधतात, महिन्यातून एकदा घरी येतात. त्या दिवसांत टीव्हीवर बातम्या लागल्या की त्याची अम्मी रिमोट घेऊन चॅनेल बदलायची. एका संध्याकाळी तो आमच्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, "खाला, ते लोक मातीत गाडले गेलेत ना? मग जेवतात कसे?"

त्याच बुधवारी रात्री आम्ही पहिला मजकूर लिहिला. आज तो वाचवत नाही. सुरुवात होती, "छोट्या दोस्तांनो, तुम्हाला अंधाराची भीती वाटते का?" मध्ये एक "शूर मशीनदादा" होते. शेवटी आपणही संकटात धीर सोडायचा नाही, असा उपदेश होता. आणि अगदी शेवटचे वाक्य असे होते : "तुम्ही हे वाचत असाल तेव्हा सगळे काका आपापल्या घरी पोचलेले असतील!"

गुरुवारी सकाळी आम्ही तो त्या मुलाला वाचून दाखवला. "समजलं का?" असे विचारायचे नाही, हे आम्ही आधीच्या चुकांमधून शिकलो होतो, त्यावर प्रत्येक मूल मान डोलावते. आम्ही म्हणालो, "जा, दादींना सांगून ये काय झालंय ते." त्याने दादींना सांगितले, "बोगदा पडला, माणसं मातीत गाडली गेली, आता मशीनदादा त्यांना खिचडीच्या पाइपमधून ओढून काढणार."

दोष त्याच्या समजुतीत नव्हता. आमच्या मजकुरावरून याहून वेगळे चित्र उभेच राहत नव्हते. आम्ही "बोगदा कोसळला" असे लिहिले होते. कोसळला होता त्याचा एक तुकडा. आम्ही दोन वेगवेगळ्या नळ्यांना "पाइप" हा एकच शब्द वापरला होता. आणि "शूर", "भयंकर", "प्रचंड" या शब्दांनी इतकी जागा खाल्ली होती, की ती माणसे नेमकी कुठे आहेत, हे सांगायचेच राहून गेले होते. मुलाकडे माहिती कमी असते, बुद्धी कमी नसते. आम्ही त्याच्या बुद्धीला सांभाळत बसलो आणि माहिती द्यायला विसरलो.

मग नव्याने बसलो. आधी प्रश्न ठरवला. कोपऱ्यात एकाच प्रश्नाचे उत्तर नीट मावते. कोणता मंत्री येऊन गेला, चूक कोणाची, खर्च किती, हे प्रश्न खोटे नव्हेत, पण त्या मुलाने दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न सगळ्यांत सरळ होता : "फावड्याने माती काढून टाकत का नाहीत?" मोठ्यांच्या मनातही तोच प्रश्न होता, फक्त ते विचारत नव्हते. तोच आम्ही मथळ्यात घेतला.

दुसरे काम अवघड शब्दांचे. ऑगर हे यंत्राचे नाव ठेवायचे की "खणायचे यंत्र" म्हणून मोकळे व्हायचे? नाव ठेवायचे ठरले, कारण मुलाला ते टीव्हीवर रोज ऐकू येत होते. आम्ही लपवले असते तर आमचे यंत्र आणि टीव्हीवरचे यंत्र त्याला वेगवेगळे वाटले असते. पण नाव ठेवले की त्याचे काम दाखवणे आले. धाकटीला स्वयंपाकघरातली खिम्याची मशीन आठवली. तिच्या पोटात लांब स्क्रू असतो, दांडा फिरवला की तो मांस पुढे ढकलतो. ऑगर असाच स्क्रू, फक्त तो माती मागे आणतो. हा फरक सांगितला नाही तर उपमा फसवते. आणखी एक गोष्ट जुळली : खिम्यात हाडाचा तुकडा आला की मशीन अडते. ढिगाऱ्यात बोगद्याला आधार देणाऱ्या लोखंडाचे तुकडे होते, आणि ऑगर त्यांच्यापाशीच अडत होता. त्या मुलाला आम्ही हे तोंडी सांगितले तेव्हा तो लगेच म्हणाला, "म्हणजे अब्बा बांधतात त्या सळ्या."

आकडे मोजकेच ठेवायचे ठरवले आणि मुख्य आकड्याला मुलाच्या पाहण्यातले माप द्यायचे. ढिगाऱ्याची जाडी सुमारे ६० मीटर. क्रिकेटची खेळपट्टी साधारण २० मीटर, म्हणजे तीन खेळपट्ट्या. मुलगा अंगणात जाऊन पावले मोजून आला आणि म्हणाला, "एवढंच?" तो प्रश्न आम्हाला हवाच होता. अंतर एवढेसेच असून दिवस इतके का लागतात, हे मग सांगता आले.

भीतीचा प्रश्न शेवटी आला. पुरवणीचे काम पाहणाऱ्या बाईंनी फोनवर सुचवले, की मुले घाबरतील, जरा गोड करा. पण तो मुलगा आधीच घाबरलेला होता, आणि अर्धवट माहितीनेच घाबरलेला होता. त्याला ज्या गोष्टीने धीर आला, ती "घाबरू नका" ही नव्हती. अडकलेल्या माणसांमागे सुमारे दोन किलोमीटर लांब मोकळा बोगदा आहे, तिथे दिवे आहेत, ते उठून चालू शकतात, हे ऐकल्यावर त्याचा चेहरा सैल पडला. आम्ही हे पहिल्या मजकुरात लिहिलेच नव्हते.

उरले शेवटचे वाक्य. त्या आठवड्यात टीव्हीवर "आज रात्री सुटका" असे रोज म्हणत होते. गुरुवारी यंत्र थांबले होते, तरी थोडेच अंतर उरले होते. थोरली म्हणाली, आशेचे वाक्य राहू दे. धाकटी म्हणाली, "रविवारी सकाळी ते खोटं ठरलं, तर त्या पोराला तोंड कोण दाखवणार?" शुक्रवारी दुपारी आम्ही पाठवलेला मजकूर असा होता :

"बोगद्यातल्या ४१ जणांना बाहेर काढायला इतके दिवस का लागतात?

उत्तराखंडमध्ये सिल्क्यारा येथे रस्त्यासाठी डोंगरातून बोगदा खणत आहेत. १२ नोव्हेंबरला पहाटे त्याच्या तोंडापासून सुमारे २०० मीटर आत छताचा एक भाग कोसळला. त्याच्या पलीकडे काम करणारे ४१ कामगार आत राहिले. ते मातीखाली दबलेले नाहीत. त्यांच्याकडे सुमारे दोन किलोमीटर मोकळा बोगदा आणि विजेचे दिवे आहेत. पण बोगद्याची दुसरी बाजू अजून खणून झालेली नाही, म्हणून तिकडून वाट नाही.

अडवणारा ढिगारा सुमारे ६० मीटर जाड आहे, क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्यांएवढा. तो उपसत का नाहीत? वाळूच्या ढिगातली खालची वाळू ओढली की वरची घसरते. इथेही माती काढली की वरून आणखी पडते. म्हणून ढिगाऱ्यातून लोखंडी नळा आरपार घालत आहेत. माणूस त्यातून सरपटत येऊ शकेल. नळ्यात ऑगर नावाचा मोठा स्क्रू फिरतो, खिम्याच्या मशीनमध्ये असतो तसा. पण हा माती मागे आणतो. ढिगाऱ्यात लोखंडाचे तुकडेही आहेत. ते आडवे आले की ऑगर अडतो.

जेवण दुसऱ्या, वीतभर रुंदीच्या नळीतून जाते. सोमवारी तिच्यातून पहिल्यांदा गरम खिचडी पोचली.

ही माहिती शुक्रवार, २४ नोव्हेंबर दुपारपर्यंतची आहे. १० ते १२ मीटर उरले आहेत. ते कामगार कधी बाहेर येतील हे आज नक्की सांगता येत नाही, कारण उरलेल्या मातीत किती लोखंड आहे ते पूर्ण दिसत नाही."

त्याच शुक्रवारी रात्री ऑगर मोडला. त्याची पाती नळ्यात अडकली आणि ती कापून काढण्यात दिवस गेले. रविवारी मुलांनी आमचा मजकूर वाचला तेव्हा सगळे ४१ जण आतच होते. जुने शेवटचे वाक्य छापले गेले असते तर काय झाले असते, याचा विचार करून आम्ही दोघी त्या सकाळी बराच वेळ गप्प बसलो.

२८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, सतराव्या दिवशी, सगळे सुखरूप बाहेर आले. शेवटचे अंतर माणसांनी नळ्यात शिरून हातांनी खणले. त्यांना टीव्हीवर रॅट होल मायनर म्हणत होते. पुढच्या कोपऱ्यासाठी आम्ही त्यांच्यावर लिहिले. उंदराच्या बिळासारखी अरुंद वाट खणून कोळसा काढायची ही पद्धत. तिच्यात माणसे मरतात म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये तिच्यावर बंदी घातली. आणि तेच कसब इथे ४१ जणांच्या कामी आले. ही दोन्ही वाक्ये आम्ही शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांच्यात "पण" एवढाच शब्द घातला. धडा काढून दिला नाही. मुले तेवढे करतात.

आमच्या शेजारच्या मुलाने काय केले, ते त्याच्या अम्मीने सांगितले. त्याने कात्रण कापून वहीत चिकटवले आणि रात्री फोनवर अब्बांना विचारले, "तुमच्या बोगद्यात पुढचा भाग पडला तर बाहेर यायला दुसरी वाट आहे का?" पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. मग अब्बा म्हणाले, "उद्या मुकादमाला विचारतो, बेटा."