हजेरी

आमच्या वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायची पद्धत होती. माझ्या बाकावरचा मुलगा तेवढा 'येस सर' म्हणायचा. तो बोलताना अडखळायचा. 'ह' आला की तोंड उघडं, मानेची शीर ताठ आणि आवाजच नाही. 'येस' मात्र सुटायचं. ही पळवाट त्यानं एकट्या मला सांगितली होती, मधल्या सुट्टीत डबा खाताना.

आठवीत कशावरून तरी आमचं बिनसलं. मी साळसूदपणे वर्गशिक्षकांना विचारलं, "सर, मराठी शाळेत इंग्रजीत हजेरी कशी चालते?" दुसऱ्या दिवसापासून त्यालाही 'हजर'ची सक्ती झाली. त्याच्या नकला सगळेच करायचे, मीही करायचो. त्यावर मी पुरावा जोडला: प्रतिज्ञा आणि राष्ट्रगीत हा सगळ्यांबरोबर खडखडीत म्हणतो, म्हणजे एरवी नाटकं करतो. चारचौघांच्या सुरात म्हणताना अडखळणाऱ्याची जीभ बऱ्याचदा मोकळी होते, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा कळलं असतं तर थांबलो असतो का? छातीठोकपणे नाही सांगवत. वर्ग हसायचा आणि ते हसू मला हवं असायचं. हळूहळू तो हजेरी संपेपर्यंत बाहेर रेंगाळू लागला. उशिराची छडी त्याला परवडायची.

गेल्या जूनमध्ये तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रात डीएपी घ्यायला गेलो. "अंगठा ठेवा," काउंटरवरचा म्हणाला. माझ्या घासलेल्या अंगठ्याचा ठसा मशीन पटकन घेईना. तिसऱ्यांदा घेतला आणि पडद्यावर माझं नाव आलं. त्यानं ते वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. तोवर मी त्याला ओळखलं नव्हतं.

"दोन पोती. दोन ह्‌..." तो अडला. तीच शीर.

"हजार सातशे," मी घाईनं म्हणून टाकलं. मदत म्हणून बरं का!

त्यानं हात वर केला. "थांब. मी म्हणतो." मागे रांग होती. त्यानं डोळे मिटले नाहीत, मान खाली घातली नाही. वेळ घेतला आणि म्हणाला, "दोन हजार सातशे."

मी पैसे मोजले. नोटा दोनदा मोजाव्या लागल्या. "ओळखलंस ना?" मी विचारलं.

"नाव वाचलं की."

"शाळेत मी तुला फार..."

"नकला सगळेच करायचे. त्या वि-विसरलो." तो पावती फाडत होता. "हजेरीचं फक्त तुला ठाऊक होतं."

"चुकलं माझं."

"हो," तो म्हणाला. पावती माझ्या हातात दिली, पोरानं पोती गाडीत टाकली का ते वाकून पाहिलं आणि माझ्या मागच्याला विचारलं, "बोला काका, तुम्हाला काय देऊ?"